पहिल्या मुलाखतीनंतरची वही

समाजशास्त्र, समाजकार्य, परिचर्या किंवा शिक्षणशास्त्र यांत मुलाखतींवर आधारलेलं संशोधन करताना मुख्य मुलाखतींआधी एक-दोन मुलाखती चाचणी म्हणून घेतल्या जातात. पुस्तकात त्यांना पथदर्शी मुलाखत म्हणतात, विद्यार्थी सरळ ‘पायलट’ म्हणतात. प्रश्न लोकांना कळतात का, क्रम बरोबर आहे का, वेळ किती लागतो, हे या मुलाखतीतून कळावं अशी अपेक्षा असते. नवख्या संशोधकाची पहिली मुलाखत बहुतेक वेळा अवघडलेली होते. ती झाल्यावर संशोधक जी आत्मपरीक्षणाची नोंद लिहितो, तिच्यावर पायलटचा उपयोग होणार की ती वाया जाणार, हे ठरतं.

अशी नोंद ठेवण्याचा आग्रह जुना आहे. इव्होना लिंकन आणि एगॉन गुबा यांनी 1985 सालच्या ‘नॅचरलिस्टिक इन्क्वायरी’ या ग्रंथात संशोधकाने अशी वही नियमित लिहावी असं सुचवलं. निष्कर्षांपर्यंत संशोधक कोणत्या वाटेने आला, वाटेत त्याने काय बदललं आणि का बदललं, हे दुसऱ्याला तपासता यावं हा त्यामागचा हेतू. परिचर्या आणि शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ग्रॅहम गिब्ज यांनी 1988 मध्ये मांडलेलं चक्र शिकवलं जातं: काय घडलं, काय वाटलं, चांगलं-वाईट काय, तसं का झालं, त्यातून काय कळलं, पुढे काय करायचं. सुरुवात करायला हा साचा बरा आहे. पण सहा रकाने सारख्या लांबीने भरण्याच्या नादात ‘काय वाटलं’ याला पानभर जागा जाते आणि ‘तसं का झालं’ याला दोन ओळी उरतात. खरं काम त्या दोन ओळींत असतं.

नोंद दोन बैठकांत लिहावी. पहिली त्याच दिवशी, झोपण्याआधी आणि रेकॉर्डिंग न ऐकता. मुलाखत जशी आठवते तशी, कोण कुठे बसलं होतं, कोण आलं-गेलं, कुठे अवघडल्यासारखं झालं, कुठे बोलणं आपसूक वाहू लागलं, हे सगळं त्यात यावं. दुसरी बैठक रेकॉर्डिंग ऐकून, शब्दशः उतरवून झाल्यावर. हे काम वेळखाऊ असतं. तासाभराचं बोलणं उतरवायला चार ते सहा तास सहज लागतात, बोलीभाषेत असेल तर त्याहून जास्त. दुसऱ्या बैठकीत पहिली नोंद खोडायची नाही. शेजारी, वेगळ्या शाईने लिहायचं. आठवणीतली मुलाखत आणि रेकॉर्डिंगमधली मुलाखत यांच्यात जिथे फरक पडतो, तिथेच संशोधकाला स्वतःची सवय सापडते, आणि सवय सापडल्याशिवाय ती बदलता येत नाही.

हे कसं घडतं ते एका नमुन्यावरून पाहू. नमुना समजावण्यासाठी रचलेला आहे, पण त्यातल्या चुका नवख्या माणसाकडून नेहमी होणाऱ्या आहेत. समाजकार्याची एक विद्यार्थिनी ऊसतोड कामगारांच्या मुलींची शाळा कशी सुटते यावर प्रबंध लिहिते आहे. बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास हजारो जोडपी पश्चिम महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात ऊसतोडीला जातात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परततात. शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं, म्हणजे त्याचा सगळा उत्तरार्ध या स्थलांतरात जातो. विद्यार्थिनी जुलैमध्ये एका गावी जाते. तिच्याकडे चोवीस प्रश्नांची यादी आहे. एका पस्तिशीतल्या बाईंची मुलाखत ती त्यांच्या ओसरीवर घेते. तासभर चालेल असं वाटलेली मुलाखत बावीस मिनिटांत संपते.

त्या रात्री ती लिहिते: ‘ताई फारशा बोलल्या नाहीत. हो-नाही एवढीच उत्तरं. सासूबाई मध्येच बोलत होत्या. मी फार घाबरले होते. पुढच्या वेळी आत्मविश्वासाने प्रश्न विचारायला हवेत.’

पहिल्या बैठकीपुरती ही नोंद प्रामाणिक आहे, पण एवढ्यावर थांबली तर तिचा काहीच उपयोग नाही. तीत दोष एक तर बाईंकडे जातो, नाही तर घाबरण्याकडे. आणि घाबरणं पुढच्या मुलाखतीत कसं टाळायचं हे कुणी सांगू शकत नाही. रेकॉर्डिंग ऐकल्यावर मात्र तिला तीन ठिकाणं दिसतात आणि तिन्ही बदलता येण्यासारखी आहेत.

पहिलं ठिकाण सुरुवातीचं. बसल्या बसल्या तिने संमतीपत्र वाचून दाखवलं, सही मागितली आणि लगेच वय, जात, शिक्षण, जमीन, रेशनकार्ड असे प्रश्न विचारले. दुसऱ्याच मिनिटाला बाईंनी विचारलं, “हे कशाचं हाय? काही मिळणार हाय का?” विद्यार्थिनी म्हणाली, “नाही नाही, हे फक्त अभ्यासासाठी आहे,” आणि पुढच्या प्रश्नाला गेली. वाड्या-वस्त्यांवर वही घेऊन येणारा माणूस बहुधा यादी करायला आलेला असतो. जनगणना, शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण, एखादी योजना. जात-जमीन-रेशनकार्ड या क्रमाने प्रश्न आले की समोरच्याला ओळखीची चौकट मिळते आणि उत्तरंही त्या चौकटीतली येतात: आखूड, सावध, यादीत बसणारी. शिवाय जिथे मुकादमाकडून उचल घेताना दिलेली सही किंवा अंगठा म्हणजे हंगामभर बांधून घेणं असतं, तिथे अनोळखी मुलीने पुढे केलेला कागद निरुपद्रवी वाटेलच असं नाही.

या ठिकाणी करायचा बदल दोन भागांत आहे. माहितीचे कोरडे प्रश्न यादीच्या शेवटी न्यायचे, कारण गप्पांच्या ओघात त्यातली निम्मी उत्तरं आपोआप आलेली असतात. संमती मात्र शेवटी नेता येत नाही, ती आधीच घ्यायला हवी. ती साध्या बोलण्यात मांडायची: मी कुठून आले, कशासाठी विचारते, यातून तुम्हाला पैसे किंवा योजना मिळणार नाही, नको वाटलं तर कधीही थांबा, तुमचं नाव कुठे येणार नाही. मार्गदर्शकाची आणि नीतिसमितीची परवानगी असेल तर सहीऐवजी तोंडी होकार रेकॉर्ड करता येतो. ‘काही मिळणार का’ या प्रश्नाचं उत्तर प्रश्न येण्याआधीच दिलेलं असावं. पुढची पाऊण तासाची मुलाखत त्यावर उभी असते.

दुसरं ठिकाण प्रश्नांच्या घडणीचं. सातव्या मिनिटाला विद्यार्थिनी विचारते, “मुलीला शाळेची आवड नव्हती म्हणून, की तुम्हाला सोबत न्यावंच लागलं म्हणून तिची शाळा सुटली?” उत्तर येतं, “हां, तसंच म्हणायचं.” तिच्या पहिल्या नोंदीत हे ‘हो-नाही एवढीच उत्तरं’ या सदरात जमा झालं होतं. लिहून काढल्यावर दिसतं की प्रश्नात दोन प्रश्न आहेत, दोन्हींची उत्तरंही प्रश्नातच आहेत, आणि ‘तसंच’ म्हणजे त्यातलं कोणतं हे आता कुणालाच सांगता येणार नाही. मग ती दुरुस्ती म्हणून विचारते, “पण मुलीला शाळेतून काढलं का?” इथे बाई गप्प होतात आणि सासू उत्तर देते, “आमी कुठं काढलं? ती गेलीच न्हाई.” ‘का’ने सुरू होणारा प्रश्न शिक्षित, शहरी मुलीकडून आला की तो विचारपूस राहत नाही, जाब होतो. सासूने मध्ये पडणं ही अडचण नव्हती. घरावर आलेला आरोप तिने परतवला, एवढंच.

याचा बदल करताना नवखे लोक फक्त शब्द सौम्य करतात: ‘काढलं’ऐवजी ‘थांबली’. तेवढ्याने भागत नाही, कारण प्रश्न अजूनही कारण मागतो. कारण शोधणं हे संशोधकाचं काम; सांगणाऱ्याला घडलेलं सांगता येतं. म्हणून प्रश्न प्रसंगाकडे वळवायचा: “मागच्या दिवाळीनंतर तुम्ही निघालात, त्याच्या आधीच्या आठवड्यात घरात काय काय चाललं होतं? पोरांचं काय ठरलं?” अशा प्रश्नाला ‘हो’ असं उत्तर देताच येत नाही. त्यात गाडी कधी आली, कोण बरोबर गेलं, कोण आजीजवळ राहिलं, हंगामी वसतिगृहाचा विषय निघाला का, हे सगळं येतं. वर्ष-महिना विचारण्यापेक्षा दिवाळी, धाकट्याचा जन्म, घरातलं लग्न अशा खुणा धरून विचारलं तर आठवण लवकर जागी होते आणि घटनांचा क्रमही जास्त भरवशाचा मिळतो.

तिसरं ठिकाण सर्वांत मोलाचं आहे, आणि पहिल्या रात्रीच्या नोंदीत त्याचा उल्लेखसुद्धा नव्हता. अकराव्या मिनिटाला बाई स्वतःहून म्हणतात, “त्या साली धाकटा लई आजारी पडला. चार खाडे पडले. मंग म्हणलं पोरीला संगंच न्यावं.” विद्यार्थिनी म्हणते, “अच्छा. तुमच्या घरात एकूण माणसं किती?”

तिच्या प्रबंधाचा जो प्रश्न, त्याचं उत्तर या तीन वाक्यांत होतं. खाडा म्हणजे कामाला न गेलेला दिवस. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, उचल त्या जोडीवर असते आणि हिशेब टनावर होतो. एकजण थांबला की तोड मंदावते, त्या दिवसाची मजुरी जाते, आणि वर खाड्याचा दंड उचलीच्या हिशेबात धरला जातो. म्हणजे तान्ह्या मुलाजवळ कोपीवर बसून राहणं आईला परवडत नाही. दहा-अकरा वर्षांची मुलगी बरोबर असली तर ती धाकट्याला सांभाळते, पाणी आणते, भाकरी थापते, आणि कोयता चालू राहतो. मुलीची शाळा नावडीने सुटली नव्हती, ‘शिक्षणाचं महत्त्व कळत नाही’ म्हणूनही नव्हती. मजुरीच्या पद्धतीत आजारपणाला जागा नाही, ती जागा मुलीने भरली. चोवीस प्रश्नांत ‘खाडा’ हा शब्द कुठेही नव्हता, आणि डोळे यादीवर असल्यामुळे तो ऐकूही आला नाही.

ही चूक नोंदीत कशी लिहावी? ‘नीट ऐकलं नाही’ हे खरं असलं तरी पुरेसं नाही. उपयोगी नोंद साधारण अशी असेल:

‘11व्या मिनिटाला खाड्याचा उल्लेख. मी प्रश्न 12 वर होते आणि 13 शोधत होते. आजारपण–खाडा–मुलीला नेणं, हा धागा सुटला. तिथे एवढंच म्हणायला हवं होतं: “खाडे पडले म्हणजे काय झालं?” किंवा त्यांचे शेवटचे शब्द परत उच्चारायचे: “पोरीला संगं न्यावं...” आणि थांबायचं. बदल: यादी चोवीस प्रश्नांवरून सात विषयांवर आणते. प्रत्येक विषयाखाली एकच सुरुवातीचा प्रश्न. खाडा आणि आजारपण हा नवा विषय.’

या नोंदीत वेळ आहे, नेमकं काय घडलं ते आहे, त्या जागी काय म्हणता आलं असतं ते वाक्य आहे आणि यादीत झालेला बदल आहे. पायलटनंतरची नोंद चांगली की वाईट हे पाहायचं असेल तर या चार गोष्टी शोधाव्यात. पश्चात्ताप किती व्यक्त झाला आहे हे शोधण्याची गरज नाही.

‘थांबायचं’ हा शब्द लिहायला सोपा आणि करायला फार अवघड आहे. विद्यार्थिनीच्या आठवणीत बाई ‘बराच वेळ’ गप्प बसत होत्या. घड्याळ लावून ऐकल्यावर त्यातल्या बहुतेक जागा दोन-तीन सेकंदांच्या निघाल्या, आणि प्रत्येक वेळी ती शांतता विद्यार्थिनीनेच मोडली होती, कधी प्रश्न बदलून, कधी स्वतःच उत्तर सुचवून. बावीस मिनिटांत निम्म्याहून अधिक वेळ तिचाच आवाज होता. स्टाइनर क्वाले या नॉर्वेजियन मानसशास्त्रज्ञाने मुलाखतीवरच्या 1996 सालच्या पुस्तकात चांगल्या मुलाखतीचे जे निकष दिले, त्यांत एक असा आहे की प्रश्न जितके आखूड आणि उत्तरं जितकी लांब, तितकी मुलाखत चांगली. उतरवलेल्या कागदावर हे तपासणं अगदी सोपं आहे: दोन्ही बाजूंच्या ओळी मोजायच्या. पुढच्या मुलाखतीपुरता एक साधा नियमही करता येतो, की उत्तर संपल्यासारखं वाटलं तरी मनात पाचपर्यंत मोजल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. पाच सेकंद नवख्या मुलाखतकाराला जड जातात. सांगणाऱ्याला मात्र ते आठवायला आणि पुढे सांगू की नको हे ठरवायला लागतात.

प्रत्येक अडचण ही चूक नसते, आणि नोंदीने हा भेद करायला हवा. सासू ओसरीवर होती. लोखंडी पेटीवर बसून शेजारच्या दोघीजणी ऐकत होत्या. गावात दुपारी आलेल्या पाहुणीशी एकटीने बोलणं हे अनेक घरांत शक्यच नसतं, आणि सासूला ‘जरा बाहेर जाता का’ असं म्हणणं म्हणजे मुलाखतीचं दार कायमचं बंद करून घेणं. इथे बदलता येण्यासारखं थोडंच असतं: वेळ सकाळची घ्यावी की रात्रीची, शेतात जाताना बरोबर चालत बोलावं का, सासूची वेगळी मुलाखत घ्यावी का. शेवटची सूचना कित्येकदा सर्वांत चांगली ठरते. सासूने स्वतः वीस-पंचवीस हंगाम ऊस तोडलेला असू शकतो, आणि नातवंडं गावी कुणाजवळ राहणार हे बहुधा तिच्यावरच अवलंबून असतं. एवढं करूनही माणसं आसपास राहतीलच. मग कोण हजर होतं आणि कोणत्या उत्तराच्या वेळी होतं, एवढं नोंदवून ठेवायचं. नवऱ्याच्या देखत दिलेलं उचलीचं उत्तर खोटं ठरत नाही, पण ते कुणासमोर दिलं हे वाचणाऱ्याला कळायला हवं.

उलट टोकाची चूकही होते. एका वाईट मुलाखतीने हादरलेला विद्यार्थी सगळी यादी फाडतो, विषय बदलतो, कधी कधी गावच बदलतो. एका पायलटवरून एवढं ठरवता येत नाही. त्या दिवशीच्या बाई मुळातच कमी बोलणाऱ्या असतील, घरात आजारपण असेल, मुकादम आदल्याच दिवशी येऊन गेला असेल. म्हणून बदल दोन गटांत लिहावेत. दुहेरी प्रश्न, उत्तर सुचवणारा प्रश्न, ‘का’चा जाब, जात-जमिनीने सुरुवात हे दोष कागदावरच दिसतात, ते लगेच दुरुस्त करावेत. ‘उचलीबद्दल कुणी बोलणार नाही’ किंवा ‘मुलीच्या लग्नाचा विषय काढूच नये’ यांसारखे अंदाज मात्र दुसऱ्या पायलटपर्यंत तसेच ठेवावेत, शेजारी प्रश्नचिन्ह घालून. यादीच्या प्रत्येक आवृत्तीवर तारीख टाकली की कोणती मुलाखत कोणत्या यादीने घेतली हे पुढे शोधत बसावं लागत नाही.

भावनांची जागा या नोंदीत आहे, पण ती कामापुरती. धाकट्याच्या आजारपणाचं ऐकताच विद्यार्थिनीने विषय बदलला, त्यामागे यादीची घाई होती तशी आणखी एक गोष्ट असू शकते: दुःखाचं काही निघालं तर आपल्याला ते सावरता येणार नाही ही भीती. हे तिने लिहिलं तर त्यातून बदल निघतो. अशा वेळी काय म्हणायचं, रेकॉर्डर कधी बंद करायचा, गावातल्या आशाताईंचा किंवा आरोग्य उपकेंद्राचा संपर्क आधीच जवळ ठेवायचा की नाही, हे ती मार्गदर्शकाला विचारू शकते. नुसतं ‘मला खूप वाईट वाटलं’ असं लिहिल्याने यातलं काहीच पुढे सरकत नाही.

वहीच्या सुरक्षिततेकडे विद्यार्थ्यांचं सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. मुलाखतीच्या कागदांवर नावाऐवजी खूण घालायची हे सगळ्यांना शिकवलेलं असतं, पण स्वतःच्या वहीत मात्र गावाचं नाव, मुकादमाचं नाव, ‘शाळेच्या मागचं तिसरं घर’ असं सगळं मोकळेपणाने लिहिलेलं सापडतं. ही वही मार्गदर्शक वाचतो, कधी तिचे उतारे प्रबंधाच्या परिशिष्टात जातात. उचलीची रक्कम आणि मुकादमाबद्दलची तक्रार एखाद्या ओळखू येणाऱ्या घराशी जोडली गेली तर त्याचा त्रास पुढच्या हंगामात त्या बाईंना होऊ शकतो. म्हणून वहीतही तीच खूण वापरावी आणि खूण कुणाची याचा कागद वेगळा, कुलपात ठेवावा.

राहतो प्रश्न पायलटमध्ये मिळालेल्या माहितीचा. यादी फारशी बदलली नसेल आणि संमती मुख्य अभ्यासासारखीच घेतली असेल तर काही मार्गदर्शक ती मुलाखत मुख्य मुलाखतींत धरू देतात; प्रश्नांचा सांगाडाच बदलला असेल तर ती बाजूला ठेवतात. वरच्या नमुन्यात चोवीस प्रश्नांचे सात विषय झाले, तेव्हा ही मुलाखत बाकीच्यांशेजारी ठेवून तुलना करता येणार नाही. पण अकराव्या मिनिटाची ती तीन वाक्यं प्रबंधाच्या पद्धतीच्या प्रकरणात जातात, खाडा आणि आजारपण हा विषय यादीत का आला याचं कारण म्हणून. त्या बाईंकडे पुन्हा जायचं तर नव्याने विचारून जावं लागतं; पहिल्या वेळचा होकार दुसऱ्या मुलाखतीला लागू होत नाही. जाण्याची वेळही ठरलेलीच आहे: दसऱ्याच्या आत, टोळ्या निघण्याआधी, नाही तर थेट हंगाम संपल्यावर.